वानखेडेवर किती धावा होतील? डावाच्या धावसंख्येची लाइन कशी जोखावी

२१ मे २०२५ रोजी वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि दिल्ली कॅपिटल्स यांचा सामना होता आणि मुंबईची फलंदाजी आधी होती. अठरा षटके संपली तेव्हा फलकावर ५ बाद १३२ धावा होत्या. चेंडू खेळपट्टीवर अडकून येत होता, फटके मनासारखे बसत नव्हते, आणि १५०–१५५ धावा झाल्या तरी पुष्कळ झाल्या, असेच बघणाऱ्याला वाटले असते. एकोणिसावे षटक मुकेश कुमारने टाकले आणि त्यात २७ धावा गेल्या. विसावे दुष्मंता चमीराने टाकले आणि त्यात २१ गेल्या. सूर्यकुमार यादव ७३ धावांवर नाबाद राहिला, नमन धीरने ८ चेंडूंत २४ धावा केल्या, आणि मुंबईचा डाव ५ बाद १८० वर थांबला. त्याच खेळपट्टीवर दिल्लीचा संघ पुढे १२१ धावांत गारद झाला.

आता समजा, सामन्याआधी कोणी या डावाची लाइन १७८.५ ठरवली होती. डाव तिच्या वर गेला. पण अंदाज बरोबर होता की बारा चेंडूंनी वाचवला? धावसंख्येची लाइन जोखण्यातला सगळा अवघड भाग या एका प्रश्नात आहे, म्हणून या लेखात मी एकच मैदान घेतो, वानखेडे, आणि मुख्यतः एकच प्रकार, ट्वेन्टी-२०चा पहिला डाव.

लाइन म्हणजे एखाद्या डावात होणाऱ्या धावांसाठी आधी मांडलेला मधला आकडा. प्रत्यक्ष धावा त्याच्या वर जातील की खाली राहतील, एवढाच प्रश्न असतो. शेवटी अर्धी धाव जोडलेली असते, कारण एकशे साडेअठ्ठ्याहत्तर धावा कोणी करत नाही आणि त्यामुळे बरोबरी होण्याची शक्यता उरत नाही. ब्रिटनसारख्या देशांत परवानाधारक सट्टा-कंपन्या अशा लाइन उघडपणे जाहीर करतात. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे आणि बुकींच्या तोंडी असलेले ‘सेशन’, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांवरचा सट्टा, तर कधीच कायदेशीर नव्हते. त्यामुळे पुढचे सगळे विवेचन पैसे लावण्यासाठी नसून आकडा वाचता यावा यासाठी आहे. नाणेफेकीनंतर समालोचक ‘इथे १८५ पुरेसे आहेत’ असे म्हणतो, तेव्हा तोही एक लाइनच मांडत असतो, आणि ती कशावर उभी आहे हे प्रेक्षकाला कळायला हवे.

पहिला मुद्दा साधा आहे, पण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. लाइन ही सरासरी नसते, ती मध्यक असते, म्हणजे असा आकडा की ज्याच्या वर जाण्याची आणि खाली राहण्याची शक्यता सारखी आहे. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर सात सामने झाले. त्यांतले पहिले डाव सामन्यांच्या क्रमाने असे होते: १२५, २३४, १९६, २०६, १६९, १७३, २१४. यांची सरासरी १८८ येते. आता हेच आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे चौथा, बघा: तो १९६ आहे. आठ धावांचा हा फरक एकट्या १२५ ने पाडला. राजस्थानविरुद्धच्या त्या सामन्यात ट्रेंट बोल्टने मुंबईचे तीन फलंदाज पहिल्याच चेंडूवर शून्यावर परत पाठवले आणि मुंबईची अवस्था ४ बाद २० अशी झाली. असा कोसळलेला डाव सरासरीला खूप खाली ओढतो, पण मध्यकाच्या दृष्टीने तो ‘खाली राहिलेला एक डाव’ एवढाच असतो, मग तो १२५ असो की १६०. सरासरी पाहून १८८ ची लाइन मांडणारा माणूस त्या हंगामापुरता तरी चुकीच्या आकड्याकडे बघत असतो.

पण म्हणून १९६ बरोबर होते असे समजू नका. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, वानखेडेवर पुन्हा सात सामने झाले आणि पहिले डाव ११६, २२१, १६२, १७६, २१५, १५५ आणि १८० असे झाले. या सातांची सरासरी बरोबर १७५ आणि मध्यक १७६. वर्षभरात मध्यक वीस धावांनी उतरला! वानखेडेची खेळपट्टी बदलली, असा लेख यावर सहज लिहिता येईल आणि तो वाचायलाही बरा वाटेल. प्रत्यक्षात या उतरणीचा मोठा भाग निव्वळ योगायोगाचा असू शकतो, आणि हे अंदाजाने म्हणायची गरज नाही, ते मोजता येते.

दोन्ही वर्षांचे आकडे सरासरीपासून किती लांब पसरले आहेत हे पाहिले, म्हणजेच संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन काढले, तर दोन्ही वर्षी ते सुमारे ३६ धावा येते. सरासरी बदलली, पसारा मात्र तसाच राहिला. ३६ चा पसारा असलेल्या आकड्यांमधून फक्त सात उचलले, तर त्यांच्या सरासरीतच १३–१४ धावांची हलचल नुसत्या नशिबाने होते, कारण ३६ ला सातच्या वर्गमूळाने भागायचे असते. म्हणजे १८८ आणि १७५ यांच्यातल्या तेरा धावांच्या फरकावरून खेळपट्टीबद्दल ठामपणे काहीच म्हणता येत नाही. चौदा डाव एकत्र केले तर सरासरी १८१ ते १८२ च्या दरम्यान आणि मध्यक १७८ येतो, आणि हा आकडा सातांच्या आकड्यापेक्षा अधिक भरवशाचा आहे.

हा पसारा नीट मनात ठसला पाहिजे, म्हणून आणखी एक आकडा देतो. समजा, या चौदा सामन्यांचे निकाल आधीच ठाऊक असलेल्या माणसाने प्रत्येक वेळी १७८ हाच अंदाज सांगितला असता. त्याच्याकडे मधला आकडा अगदी बिनचूक आहे. तरीही तो दर सामन्यात सरासरी २८ धावांनी चुकला असता. चौदापैकी केवळ चार डाव १७८ च्या दहा धावा अलीकडे-पलीकडे पडले. म्हणून एखाद्या सामन्यात लाइन तीस धावांनी चुकली की ‘लाइन मूर्खपणाची होती’ म्हणणे, किंवा दोन धावांवर आली की ‘काय अचूक’ म्हणणे, दोन्ही सारखेच निराधार आहे.

या पसाऱ्यातून एक उपयोगी ठोकताळा निघतो: मध्याच्या आसपास एक धाव म्हणजे साधारण एक टक्का. तुमच्या मते खरा मध्य १८३ असेल आणि समोरची लाइन १७८.५ असेल, तर डाव वर जाण्याची शक्यता ५० वरून ५५ टक्क्यांच्या आसपास जाते, त्याहून जास्त नाही. खेळपट्टी पाटा आहे, सीमारेषा जवळ आहे, समोरचा मुख्य गोलंदाज जखमी आहे, असे सगळे बोलून झाल्यावर हाती लागते ती एवढीशी झुकती बाजू. शिवाय लाइन लावणारी कंपनी दोन्ही बाजूंना साधारण १.९० चा भाव देते. म्हणजे शंभराचे एकशेनव्वद मिळतात, आणि नुसते बरोबरीत राहायलाही ५२.६ टक्के वेळा बरोबर यावे लागते. ठोकताळ्याप्रमाणे ही अडीच धावांची पट्टी झाली. तुमचा आणि लाइनचा आकडा अडीच धावांच्या आत असेल, तर तुम्हाला लाइनपेक्षा वेगळे काहीही माहीत नाही, असे समजावे.

आता ‘अलीकडचे आकडे’ किती मानायचे हा प्रश्न. मला सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी दिसतात, कारण ताजी आठवण जड असते. कालच्या सामन्यात २२१ झाल्या की आज १९० ची लाइन लहान वाटू लागते. यावर उपाय असा की मैदानाचा आकडा आणि संपूर्ण स्पर्धेचा आकडा यांची वजन घालून सांगड घालायची. मैदानावरचे सामने जितके कमी, तितके वजन स्पर्धेच्या आकड्याला जास्त.

२१ मेच्या सामन्यावर हे करून पाहू. त्या सामन्यापूर्वी २०२५ मध्ये वानखेडेवर सहा पहिले डाव झाले होते आणि त्यांची सरासरी १७४ होती. हिशेबासाठी समजा की स्पर्धेची सर्वसाधारण पातळी १८५ आहे. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. आणखी असे धरू की मैदाना-मैदानांत खराखुरा फरक साधारण दहा धावांचा असतो आणि एकाच मैदानावर सामन्या-सामन्यांत फरक ३५ धावांचा. या दोन आकड्यांच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे १२ येते. त्याचा अर्थ असा की एखाद्या मैदानावर बारा सामने झाले, की मगच त्या मैदानाच्या सरासरीला स्पर्धेच्या सरासरीइतके वजन देता येते. आपल्याकडे सहाच आहेत, म्हणून सहाला अठराने भागून वजन एक तृतीयांश. मैदान स्पर्धेपेक्षा अकरा धावांनी खाली आहे, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे जेमतेम चार धावा. १८५ मधून चार वजा केल्या की १८१ उरतात.

आता २०२४ चे सातही धरा. तेरा डावांची सरासरी १८१.७ आणि वजन निम्म्याहून किंचित जास्त, म्हणून उत्तर १८३ येते. नुसती या वर्षाची सरासरी घेणारा १७४ म्हणाला असता, गेल्या वर्षाची आठवण धरून बसलेला १८८ म्हणाला असता, आणि वजन घालून पाहणारा कुठल्याही वाटेने आला तरी १८१ ते १८३ वरच पोहोचतो. सगळा फायदा हाच आहे की आकडा डळमळत नाही.

जुने सामने किती मागे जाऊन घ्यायचे? नियम बदलला असेल तिथे थांबावे. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामन्यात एक बदली खेळाडू खेळवण्याची मुभा, आला आणि फलंदाजी एका माणसाने लांबली. सातव्या-आठव्या क्रमांकापर्यंत फटकेबाज उभा असल्यामुळे वरचे फलंदाज पहिल्या षटकापासून बिनधास्त खेळू लागले. त्यामुळे २०१८ किंवा २०१९ चा वानखेडेचा आकडा आज जसाच्या तसा घेणे चुकीचे आहे, मग सामन्यांची संख्या वाढवण्याचा मोह कितीही होवो. आणखी एक पथ्य असे की दुसरे डाव या यादीत मिसळू नयेत. पाठलाग करणारा संघ लक्ष्य गाठले की थांबतो. ११ एप्रिल २०२४ रोजी बंगळूरूच्या १९६ धावा मुंबईने १५.३ षटकांत ओलांडल्या आणि डाव ३ बाद १९९ वर संपला. तो डाव वीस षटके चालला असता तर कुठे गेला असता हे त्या १९९ मध्ये दिसतच नाही. दोन्ही डावांची मिळून सरासरी काढणारे तक्ते मी पाहतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यात मेहनत असते आणि ती पायाच चुकल्यामुळे वाया जाते.

खेळाचा प्रकार बदलला की आकडा फक्त मोठा होत नाही, त्याची जातच बदलते. वानखेडेवर २०२३ च्या विश्वचषकात पाच एकदिवसीय सामने झाले आणि पहिले डाव ३९९, ३८२, ३५७, २९१ आणि ३९७ धावांचे होते. सरासरी ३६५. ट्वेन्टी-२०च्या १८० ला अडीचने गुणले तर ४५० येतात, आणि तेवढ्या धावा झाल्या नाहीत. कारण सरळ आहे. दोन्ही प्रकारांत गडी दहाच असतात, चेंडू मात्र १२० चे ३०० होतात. वीस षटकांत गडी संपण्याआधी बहुधा चेंडू संपतात, म्हणून प्रत्येक चेंडूवर धोका पत्करणे परवडते. पन्नास षटकांत गडी जपावे लागतात. पावसाच्या सामन्यात नवे लक्ष्य ठरवणारी डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतही याच पायावर उभी आहे: उरलेले चेंडू आणि उरलेले गडी मिळून संघाचे भांडवल होते. कसोटीत तर चेंडूंची मर्यादाच जवळपास नसते. वानखेडेवरच भारताने २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध ६३१ धावा केल्या आणि २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या दुसऱ्या डावात भारत १२१ वर बाद झाला. तिथे पसारा एवढा मोठा असतो की एका धावेला एक टक्का हा ठोकताळा लागूच पडत नाही, आणि वर डाव घोषित करण्याचा निर्णय कर्णधाराच्या हाती असतो.

आता खेळपट्टी. वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची आहे. लाल मातीत चेंडू उसळी घेतो आणि बॅटवर चांगला येतो, म्हणून फटके मारायला बरे पडते. काळी माती चिकट असते, ओल धरून ठेवते, आणि जसजशी वापरात येते तसतसा चेंडू खाली राहतो आणि थांबून येतो. अहमदाबादेत एकाच मैदानावर लाल आणि काळ्या अशा दोन्ही मातीच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे तिथे ‘मैदानाची सरासरी’ या शब्दालाच फारसा अर्थ नाही, सामना कोणत्या पट्टीवर आहे ते आधी विचारावे लागते. पट्टी मधली आहे की कडेची हेही पाहावे, कारण कडेची असेल तर एका बाजूची सीमारेषा आणखी जवळ येते.

पण खेळपट्टीबद्दलचा एक लाडका समज वानखेडेनेच खोटा ठरवला आहे. २०२३ च्या विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना ताज्या पट्टीऐवजी स्पर्धेत आधी दोनदा वापरलेल्या पट्टीवर हलवल्याची तेव्हा बरीच चर्चा झाली होती. वापरलेली पट्टी संथ होणार, फिरकीला साथ देणार आणि धावा कमी होणार, असे बोलले जात होते. भारताने त्या पट्टीवर ४ बाद ३९७ केल्या आणि उत्तरात न्यूझीलंडनेही ३२७ केल्या. पट्टी वापरलेली आहे ही माहिती खरी होती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, कारण पट्टी किती कोरडी आहे, मधल्या दिवसांत तिच्यावर किती पाणी मारले आणि किती रोलर फिरवला, यावर पुढचे सगळे ठरते आणि ते ‘वापरलेली’ या एका शब्दात येत नाही.

त्याच स्पर्धेतून दुसरी गोष्ट शिकता येते. वानखेडेवर दुपारी पहिला डाव तुफान चालत असे आणि संध्याकाळी दिव्यांखाली नवा चेंडू हवेत एवढा वळत असे की श्रीलंका ५५ वर गेली, इंग्लंड १७० वर, आणि ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१ अशी झाली होती, जोवर ग्लेन मॅक्सवेलने नाबाद २०१ करून सामना ओढून नेला नाही. माती तीच आणि मैदान तेच असताना वेळ बदलली की खेळपट्टीचे वागणे बदलते. आयपीएलचे रात्रीचे सामने साडेसातला सुरू होतात, त्यामुळे पहिल्या डावाच्या सुरुवातीला समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत दोन-तीन षटके चेंडू हलतो आणि पुढे दव पडू लागले की चेंडू ओला होऊन गोलंदाजाच्या हातून सुटतो. दवाचा मोठा फायदा दुसऱ्या डावाला मिळतो. पहिल्या डावावर त्याचा परिणाम आडवाटेने होतो: पुढे दव येणार हे ठाऊक असलेला संघ १७५ वर समाधानी राहत नाही, तो २०० च्या मागे लागतो, आणि त्या नादात कधी २१५ करतो तर कधी १५५ वर अडकतो. म्हणजे दवामुळे पहिल्या डावाचा मध्य फार हलत नाही, पसारा वाढतो.

खेळपट्टी दुरून बघून जे कळते त्यापेक्षा पहिल्या चार-पाच षटकांत जास्त कळते. वेगवान गोलंदाजाचा साधा, आखूड नसलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या छातीपाशी जातो की गुडघ्यापाशी, हे पाहावे. फलंदाजाचा ड्राइव्ह सरळ जातो की चेंडू बॅटच्या वरच्या भागाला लागून मिडऑफकडे उडतो, हे पाहावे. असे उडालेले झेल दिसू लागले की चेंडू थांबून येतो आहे असे समजावे. गोलंदाज पॉवरप्लेमध्येच वेग काढून कटर टाकू लागले, तर तीही एक खूण आहे, कारण खेळपट्टी काय करते आहे हे त्यांच्या बोटांना आपल्या डोळ्यांआधी कळते. गवताचा रंग आणि भेगा हे मी त्यामानाने कमी मानतो, कारण कॅमेरा रंग बदलून दाखवतो आणि वरची भेग बहुतेक वेळा वीस षटकांत काहीच करत नाही.

या सगळ्याला धावांत किती किंमत द्यायची? माझा अनुभव असा की सामन्याआधी मिळणाऱ्या खेळपट्टीच्या माहितीवर पाच-सहा धावांपेक्षा जास्त हलू नये. कारण मैदानाच्या जुन्या आकड्यांमध्ये त्या मातीचा, त्या सीमारेषांचा आणि त्या समुद्राच्या हवेचा हिशेब आधीच आलेला असतो. लाल माती आहे म्हणून दहा वाढवल्या, सीमारेषा जवळ आहे म्हणून पाच वाढवल्या, असे केले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. वाढवायचे किंवा घटवायचे ते फक्त आजच्या वेगळेपणासाठी. २१ मे रोजी वेगळेपण होते: मुंबईत पावसाचा अंदाज होता, आणि मेच्या अखेरीस, पावसाळ्याच्या तोंडावर, खेळपट्टी मार्च-एप्रिलसारखी कडक उन्हात वाळलेली नसते, तिच्यावर आच्छादन पुन्हा पुन्हा घालावे लागते. अशी पट्टी दमट राहते आणि चेंडू थांबतो. १८२ मधून पाच वजा केल्या तर मध्य १७७ च्या आसपास येतो. प्रत्यक्षात १८० झाल्या. हा मेळ पाहून या पद्धतीवर विश्वास ठेवू नका, कारण एका सामन्याच्या निकालावरून पद्धत सिद्ध होत नाही हे आपण आत्ताच पाहिले, आणि बारा चेंडू वेगळे पडले असते तर हाच हिशेब तीस धावांनी चुकलेला दिसला असता.

त्या बारा चेंडूंकडे पुन्हा येऊ, कारण चालू डावाची लाइन जोखताना हाच भाग नडतो. अठरा षटकांत १३२ म्हणजे षटकामागे ७.३३, आणि त्याच गतीने पुढे नेले तर डाव १४७ वर संपतो. हा हिशेब जवळजवळ नेहमी कमी येतो, कारण शेवटच्या षटकांची गती आधीच्या अठरांसारखी नसते. पाच गडी हातात असताना आणि जम बसलेला सूर्यकुमार समोर असताना शेवटच्या दोन षटकांत बारा-बारा धावा धरणे रास्त होते, म्हणजे १५६. झाल्या १८०. ७ एप्रिल २०२४ रोजी याच मैदानावर रोमारिओ शेफर्डने शेवटच्या षटकात ३२ धावा काढल्या आणि मुंबई २०२ वरून २३४ वर गेली. त्यानंतर आठवड्याने महेंद्रसिंह धोनीने डावाच्या शेवटच्या चार चेंडूंवर तीन षटकार आणि दोन धावा अशा २० काढल्या, चेन्नई २०६ वर पोहोचली आणि सामना वीसच धावांनी जिंकली.

म्हणून चालू डावात मी आधी गती बघत नाही, हातातले गडी आणि खेळपट्टीवर कोण उभे आहे ते बघतो. पंधरा षटकांनंतर ३ बाद १२० आणि ७ बाद १२० यांची गती एकच आहे, पण तीन बाद असलेला डाव १७५ च्या पुढे जाऊ शकतो आणि सात बाद असलेला १५० गाठतानाही धापा टाकतो. गोलंदाजी करणाऱ्या कर्णधाराने मुख्य गोलंदाजाची षटके आधीच संपवली आहेत का, हेही मोजावे. १७ वे आणि १९ वे षटक टाकायला जसप्रीत बुमराहसारखा गोलंदाज शिल्लक असेल, तर शेवटच्या चार षटकांतून आठ-दहा धावा वजा कराव्या लागतात, आणि ही माहिती फलकावर दिसत नाही, ती स्वतः मोजूनच मिळते.

आपला अंदाज सुधारतो आहे की नाही हे कळायला वही हवी. माझ्या वहीत प्रत्येक सामन्याला एक ओळ असते: मैदान, पट्टी ताजी की वापरलेली, नाणेफेकीआधी लिहिलेला माझा आकडा, पाच षटकांनंतर बदलून लिहिलेला आकडा, आणि शेवटी प्रत्यक्ष धावा. शाईने लिहितो, म्हणजे नंतर हात फिरवता येत नाही. पन्नास ओळी झाल्या की दोन गोष्टी तपासतो. पहिली, प्रत्यक्ष धावा माझ्या आकड्याच्या वर किती वेळा गेल्या आणि खाली किती वेळा राहिल्या. पन्नासात तीस-पस्तीस वेळा वर गेल्या असतील तर मी सतत कमी लिहितो आहे आणि सगळे आकडे चढवायला हवेत. दुसरी, चूक सरासरी किती. ती २८ च्या आसपास असेल तर ठीक चालले आहे, ३५ असेल तर मी ताज्या सामन्यांच्या मागे वाहवत जातो आहे. पाच षटकांनंतरच्या आकड्याची चूक आधीच्या आकड्यापेक्षा कमी यायला हवी. ती कमी येत नसेल, तर खेळपट्टी बघून मी जे शिकलो असे मला वाटते ते प्रत्यक्षात शिकलेलोच नाही. माझ्या वहीत काळ्या मातीच्या मैदानांवर अजून तसेच होते आहे, आणि तिथे मी अलीकडे पाचव्या षटकाऐवजी दहाव्यापर्यंत थांबून आकडा बदलतो.